कावळा, माठ आणि चौतीस शब्द

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण पहिल्यांदा कोणाकडून ऐकली, हे मराठी माणसाला सहसा सांगता येत नाही. आजीने सांगितली असेल, बालवाडीतल्या बाईंनी सांगितली असेल, नाहीतर शाळेच्या भिंतीवर रंगवलेली पाहिली असेल. त्यामुळे ती सोपी आहे असे आपण धरूनच चालतो. पण मराठी नव्याने शिकणाऱ्याला ती आपल्या नेहमीच्या थाटात सांगून बघा: ‘एकदा उन्हाळ्यातल्या रणरणत्या दुपारी तहानेने व्याकूळ झालेला एक कावळा पाण्याच्या शोधात रानोमाळ भटकत होता.’ वाक्य कानाला बरे वाटते. मात्र ज्याला मराठीतले जेमतेम शंभर शब्द येतात, त्याच्या हाती यातले ‘एक’, ‘होता’ आणि फार तर ‘कावळा’ एवढेच पडते. ‘पाणी’ हा शब्द त्याने पहिल्याच दिवशी शिकलेला असतो, पण इथे तो ‘पाण्याच्या’ असा वेश पालटून आल्याने ओळखूच येत नाही. गोष्टीचे पहिलेच वाक्य संपते तेव्हा तो मागे पडलेला असतो.

असे शिकणारे आज बरेच आहेत. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, ती २०२०-२१ पासून टप्प्याटप्प्याने. घरी हिंदी, गुजराती, तेलुगू बोलणारी मुले त्यामुळे मराठीच्या वर्गात बसतात. बँकेत किंवा कारखान्यात बदली होऊन आलेली मोठी माणसेही शिकतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने मराठी शाळा चालतात, तिथली मुले घरात मराठी ऐकतात पण उत्तर इंग्रजीत देतात. या सगळ्यांना गोष्ट हवी असते. ती त्यांच्यासाठी नव्याने लिहावी लागते आणि ते काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे.

भाषा शिकवायला नीतिकथा वापरण्याची चाल जुनी आहे. कलकत्त्याला कंपनी सरकारच्या इंग्रज नोकरांना हिंदुस्तानी शिकवणाऱ्या जॉन गिलख्रिस्ट यांनी १८०३ मध्ये इसापच्या आणि इतर कथा हिंदुस्तानी, फारसी, अरबी, ब्रज, बंगाली आणि संस्कृत अशा सहा भाषांत करून छापल्या. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात त्याच शतकाच्या आरंभी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने इसाप मराठीत आला. पुढे सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी केलेली इसापनीती मराठी शाळांत पोचली. नीतिकथेत पात्रे एक-दोन, घटना एक आणि शेवट ठरलेला असतो. कथा ओळखीची असल्याने एखादा शब्द अडला तरी पुढे काय होणार याचा अंदाज येतो. म्हणून ती सोयीची.

पण सगळ्याच नीतिकथा नवशिक्याला सारख्या सोयीच्या नसतात. कोल्हा आणि द्राक्षे घ्या. कोल्हा उडी मारतो, द्राक्षे मिळत नाहीत, तो ती आंबट म्हणून निघून जातो. गंमत सगळी शेवटच्या टोमण्यात आहे, आणि टोमणा कळायला भाषा बरीच यावी लागते. माकड आणि मगर तर संवादावर उभी आहे. माकडाचा खोटेपणा कळला नाही तर गोष्टच नाही. कावळ्याच्या गोष्टीत मात्र कोणी बोलत नाही, आणि जे घडते ते पुन्हा पुन्हा घडते. खडा उचलणे, टाकणे, पाणी वर येणे. एकच वाक्य तीनदा म्हटले तर इतर गोष्टींत तो धडा वाटतो. इथे तीनदा म्हटले नाही तर गोष्ट अपुरी राहते. पुनरावृत्ती हेच जिचे कथानक आहे, अशी कथा निवडायची, ही यातली पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी पायरी. ती चुकली की पुढची कारागिरी फारशी कामाला येत नाही.

आता गोष्ट. शीर्षकातून ‘तहानलेला’ काढून टाकला आहे, कारण ते रूप पहिल्या महिन्यातले नाही.

कावळा आणि माठ

एक कावळा आहे. कावळ्याला तहान लागली आहे.
कावळा नदीवर जातो. नदीत पाणी नाही.
कावळा तलावावर जातो. तलावात पाणी नाही.
कावळा विहिरीवर जातो. विहिरीत पाणी नाही.
कावळा माठावर बसतो. माठात पाणी आहे!
पण पाणी खाली आहे.
कावळा माठात चोच घालतो. चोच पाण्यापर्यंत जात नाही.
कावळा इकडे बघतो. कावळा तिकडे बघतो. माठाजवळ खडे आहेत.
कावळा एक खडा उचलतो. कावळा खडा माठात टाकतो. डुबुक! पाणी थोडे वर येते.
कावळा दुसरा खडा उचलतो. कावळा खडा माठात टाकतो. डुबुक! पाणी आणखी वर येते.
कावळा तिसरा खडा उचलतो. कावळा खडा माठात टाकतो. डुबुक! पाणी आणखी वर येते.
कावळा खूप खडे टाकतो. डुबुक! डुबुक! डुबुक! पाणी खूप वर येते.
कावळा माठात चोच घालतो. चोच पाण्यात जाते.
कावळा पोटभर पाणी पितो. कावळ्याची तहान भागली.

तात्पर्य: थोडे थोडे केले की खूप होते.

शीर्षक आणि तात्पर्य सोडले तर हे ११६ शब्द आहेत. पण ‘जातो, जाते, जात’ असली रूपे एकाच शब्दाची धरली, तर वेगळे शब्द फक्त ३४. ‘पाणी’ बारा वेळा येते, त्यातले दहा वेळा जसेच्या तसे. ‘पाण्यापर्यंत’ हे बदललेले रूप येण्याआधी वाचणाऱ्याने ‘पाणी’ पाच वेळा पाहिलेले असते, त्यामुळे ‘पाण्या’मागे कोण दडले आहे ते त्याला ओळखता येते.

गोष्टीत वाक्यांचे दोन साचे आहेत. पहिला: ‘कावळा अमुकवर जातो. अमुकात पाणी नाही.’ दुसरा: ‘कावळा अमकावा खडा उचलतो, खडा माठात टाकतो, डुबुक, पाणी अमुक इतके वर येते.’ पहिल्या साच्यात प्रत्येक वेळी फक्त ठिकाण बदलते, बाकी काही हलत नाही. इथे लिहिणाऱ्याचा हात शिवशिवतो. ‘जातो’ तीनदा कशाला, एकदा ‘उडतो’ आणि एकदा ‘पोचतो’ म्हणू, असे वाटते. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा वापरू नये असे आपल्याला शिकवलेले असते. नवशिक्यासाठी लिहिताना ही सवय मोडावी लागते. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर अर्थ कशामुळे बदलला हे त्याला कळायला वाव राहत नाही.

तीन ठिकाणांचा क्रमही मुद्दाम लावलेला आहे. मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी नाम आपले रूप बदलते, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि शिकणाऱ्याची खरी दमछाक इथे होते. ‘नदी’ला काही होत नाही: नदीवर, नदीत. म्हणून ती पहिली. ‘तलाव’ला मध्ये एक ‘आ’ येतो: तलावावर, तलावात. पुढे येणारा ‘माठ’ही याच रांगेतला आहे, त्यामुळे तलावाची सवय माठाला उपयोगी पडते. ‘विहीर’ सगळ्यात खोडकर: शेवटी ‘ई’ येते आणि मधली दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते, विहिरीत. ती तिसरी आणली, कारण तोवर साचा तोंडात बसलेला असतो आणि अडखळायला एकच जागा उरते. हीच गोष्ट विहिरीपासून सुरू केली, तर साचा आणि सामान्यरूप दोन्ही एकदम समोर येतात. मुले मग ‘विहीरत’ म्हणतात आणि सांगणारा सुधारत बसतो. कावळा तिकडे तहानलेलाच.

मराठी वाचणारे काही जण इथे हरकत घेतील की आम्ही ‘नदीला पाणी नाही’, ‘विहिरीला पाणी नाही’ म्हणतो. खरे आहे. ‘नळाला पाणी आले’ हे तर दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने कोणी म्हणत नाही. ‘नदीत पाणी नाही’ हेही मराठी चुकीचे नाही, आणि ‘त’ ठेवला की तो थेट ‘माठात’पर्यंत एकच राहतो, म्हणून तो पत्करला. पण साच्याची मर्यादा माहीत असावी. गोष्ट शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनला ‘नळात पाणी नाही’ असे सांगेल. वॉचमनला कळेल. ‘नळाला’ त्याला वॉचमन शिकवील.

पहिला साचा मोडतो ती जागा नीट बघा. ‘नाही, नाही, नाही’ आणि मग ‘माठात पाणी आहे!’ बदल फक्त शेवटच्या शब्दात. वर्गात ही गोष्ट सांगताना ‘माठात पाणी…’ इथे थांबायचे. मुले एक तर ‘नाही’ म्हणून ओरडतात आणि फसतात, किंवा चित्र पाहून ‘आहे’ म्हणतात. दोन्ही वेळा त्यांनी वाक्य स्वतः पुरे केलेले असते. साचा मोडण्याची जागा आणि गोष्ट वळण घेते ती जागा एकच असायला हवी. साचा मध्येच कुठेतरी, निव्वळ वैविध्यासाठी मोडला तर ऐकणारा तिथे काही घडणार म्हणून कान टवकारतो आणि काहीच घडत नाही.

दुसऱ्या साच्यात एक गफलत सहज होते. ‘कावळा एक खडा उचलतो. खडा माठात टाकतो.’ असे लिहिणे आपल्याला साहजिक वाटते, कारण दुसऱ्या वाक्यात कर्ता कावळाच आहे हे आपण मनात धरतो. नवशिक्या मात्र वाक्याच्या सुरुवातीला जो शब्द दिसतो त्यालाच कर्ता समजतो. त्यातून ‘खडा’ पुल्लिंगी आणि ‘टाकतो’ही पुल्लिंगी. मग खडाच माठात काहीतरी टाकतो आहे, असे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर येते. यावर ‘तो खडा माठात टाकतो’ हा उपाय सुचतो, पण तो आणखी घातक, कारण ‘तो खडा’ म्हणजे ‘अमुक एक खडा’ असेही होते. शेवटी ‘कावळा’ पुन्हा लिहिणे हाच मार्ग. कानाला जड वाटते, अर्थाला हलके पडते.

असाच एक शब्द मी मुद्दाम टाळला आहे. चोच पाण्यापर्यंत गेली नाही, हे आपण सहज ‘चोच पाण्याला लागत नाही’ असे म्हणू. पण गोष्टीच्या सुरुवातीला ‘तहान लागली आहे’ येऊन गेले आहे. आपल्या भाषेत तहान लागते, ठेच लागते, वेळ लागतो, दिवे लागतात आणि घरी जावे लागते. ‘लागणे’ हे क्रियापद नवशिक्यासाठी भूलभुलैया आहे. एका गोष्टीत ते एकाच अर्थाने यावे. म्हणून ‘जात नाही’: ‘जातो’ तो तीनदा वाचून बसलेला आहे, त्याच्या नकाराचे रूप तेवढे नवे.

‘कावळ्याला तहान लागली आहे’ हे वाक्य मात्र अवघड असूनही ठेवले. यात कावळा काही करत नाही, तहान त्याला लागते. इंग्रजीत विचार करणारी मुले ‘मी तहान आहे’ म्हणतात ती इथेच. पण हे वाक्य तोडून समजावायचे नसते. ते अख्खे तोंडपाठ करायचे असते. ‘मला तहान लागली आहे’ हे परक्या गावात पहिल्या दिवशी उपयोगी पडणारे वाक्य आहे, आणि ‘तहान’च्या जागी ‘भूक’ ठेवली की दुसरे वाक्य फुकट मिळते.

काळ वर्तमान का, असा प्रश्न राहतो. ‘एक होता कावळा’ ही आपली रीत आहे आणि भूतकाळात गोष्ट जास्त गोष्टीसारखी वाटते. अडचण मराठीच्या भूतकाळाची आहे. ‘कावळा खडा उचलतो’, ‘कावळा काठी उचलतो’, ‘कावळा पान उचलतो’ यांत क्रियापद कावळ्याशी बांधलेले आहे, एकदा शिकले की झाले. भूतकाळात कावळ्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कावळ्याला सोडून कर्माच्या मागे जाते: कावळ्याने खडा उचलला, काठी उचलली, पान उचलले. म्हणजे प्रत्येक वस्तूचे लिंग माहीत असल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. हे शिकायचे आहेच, पण चौतीस शब्दांच्या पहिल्या गोष्टीत ते ओझे नको. ‘तहान लागली आहे’ आणि शेवटचे ‘तहान भागली’ ही भूतकाळी रूपे तेवढी आत घेतली. ‘लागली’ने उघडलेली गोष्ट ‘भागली’ने मिटते, आणि यमकामुळे दोन्ही लक्षात राहतात.

आता शब्दार्थ. आपल्या पाठ्यपुस्तकांत धड्याच्या शेवटी शब्दार्थ द्यायची पद्धत आहे आणि ती बहुतेक वेळा नवशिक्याला छळते. एक तर ‘तहान म्हणजे तृष्णा’ अशा तऱ्हेने सोप्याचा अर्थ अवघडात दिलेला असतो. दुसरे म्हणजे यादीत मूळ शब्द असतो आणि पानावर त्याचे बदललेले रूप. वाचणारा ‘विहिरीत’ शोधायला जातो, यादीत ‘विहीर’ असते, आणि हे दोन्ही एकच हे ज्याला कळते त्याला यादीची गरजच नसते. म्हणून नवशिक्याच्या शब्दार्थात पानावरचे रूप आधी आणि मूळ शब्द नंतर. क्रमही गोष्टीतला, कारण ज्याला अजून क, ख, ग ची रांग पक्की येत नाही त्याला वर्णानुक्रमाचा काय उपयोग? खालची यादी हिंदी जाणणाऱ्यांसाठी आहे.

कावळ्याला: मूळ शब्द कावळा, कौए को
तहान लागली आहे: प्यास लगी है, हे पूर्ण पाठ करा
नदीवर: नदी + वर, इथे ‘वर’ म्हणजे ‘नदीच्या काठी’
तलावात: तलाव + आ + त, तालाब में
विहिरीत: मूळ शब्द विहीर, कुएँ में
माठ: मातीचे भांडे, पाणी गार ठेवायला, मटका
खाली: नीचे, हिंदीतला ‘ख़ाली’ नव्हे, त्याला मराठीत ‘रिकामा’
चोच घालतो: चोंच डालता है
पाण्यापर्यंत: मूळ शब्द पाणी, पानी तक
जात नाही: ‘जाते’चा नकार
खडा, अनेक खडे: कंकड़; हिंदीतला ‘खड़ा’ नव्हे, त्याला मराठीत ‘उभा’
टाकतो: डालता है, गिराता है
वर येते: ऊपर आता है, ‘नदीवर’मधला ‘वर’ जोडून, हा सुटा
आणखी: और भी
पोटभर: जितके हवे तितके, पेट भर
तहान भागली: प्यास बुझ गई

या यादीतल्या ‘खाली’ आणि ‘खडा’ या दोन नोंदी सगळ्यात महत्त्वाच्या आहेत, कारण हिंदी भाषकाला ते शब्द आधीच येतात असे वाटते. जो शब्द अनोळखी असतो तो माणूस शब्दार्थात शोधतो. जो ओळखीचा वाटतो तो शोधत नाही. ‘पण पाणी खाली आहे’ हे वाचून तो समजतो की पाणी संपलेले आहे, रिकामे आहे, आणि मग कावळा खडे कशाला टाकतो आहे हे त्याला कळेनासे होते. गोष्टीचा कणाच त्या एका शब्दाने मोडतो, आणि शिकवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण विद्यार्थी मान डोलावत असतो. न्यू जर्सीतल्या मुलीसाठी मात्र या दोन सूचना निरुपयोगी आहेत. तिच्या यादीत ‘माठ’ला चित्र हवे, कारण तिच्या घरात माठ नाही, आणि ‘कावळा’ व ‘खडा’ म्हणून दाखवायला हवेत, कारण ‘ळ’ आणि ‘ड’ हे उच्चार तिला ऐकूनच जमतील. एकच शब्दार्थ सगळ्यांना चालत नाही. गोष्ट एक ठेवून यादी बदलावी.

चित्राचे काम शब्दार्थाइतकेच आहे, आणि त्यात एक वैज्ञानिक खोच आहे. चित्रकार बहुतेक वेळा माठाच्या अगदी तळाशी बोटभर पाणी काढतात, कारण त्याने तहान जास्त केविलवाणी दिसते. पण खडे कितीही टाकले तरी ते पाणी वर येणार नाही. गोलसर खडे नुसते टाकत गेले तर ते भांड्यातली साधारण साठ टक्के जागा व्यापतात. उरलेल्या चाळीस टक्के फटी राहतात. पाणी त्या फटींपेक्षा कमी असेल तर ते खड्यांच्या आड लपून बसते आणि कावळ्याला दिसतो कोरड्या खड्यांनी भरलेला माठ. म्हणून चित्रात माठ निम्मा तरी भरलेला दाखवायचा. ‘खाली’ म्हणजे ‘तळाशी’ नव्हे, ‘चोचीच्या खाली’. घरी स्टीलच्या पेल्यात किंवा काचेच्या ग्लासात खडे टाकून बघणारे मूल प्रत्येक वर्गात एखादे असतेच. त्याच्या ग्लासात पाणी वर आले नाही की गोष्ट खोटी ठरते.

गोष्ट तशी खोटी नाही. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने पावसाचे पाणी साठलेल्या भांड्यात दगड टाकून पाणी प्यालेल्या डोमकावळ्याची नोंद केली आहे. क्रिस्टोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी २००९ मध्ये कावळ्याच्याच कुळातल्या रूक या पक्ष्यांसमोर पाण्याची उभी नळी ठेवली आणि पाण्यावर किडा तरंगत ठेवला. पक्ष्यांनी नळीत दगड टाकून किडा वर आणला, आणि लहान दगडांपेक्षा मोठे दगड पसंत केले.

राहिले तात्पर्य. या गोष्टीची तात्पर्ये बरीच फिरतात. इसवी सन ४०० च्या सुमारास अव्हिआनस या लॅटिन कवीने ही कथा पद्यात सांगितली तेव्हा तिच्यातून शहाणपण बळापेक्षा श्रेष्ठ असे काढले होते. आपल्याकडे कोणी ‘गरज ही शोधाची जननी’ म्हणते, कोणी ‘प्रयत्नांती परमेश्वर’. नवशिक्यासाठी ही दोन्ही अडचणीची. ‘जननी’ आणि ‘परमेश्वर’ या गोष्टीत कुठेच भेटलेले नाहीत, ‘प्रयत्नांती’ हा जोडलेला शब्द तर तिसऱ्या वर्षाचा. मग तात्पर्यालाच शब्दार्थ द्यावा लागतो. ‘थोडे थोडे केले की खूप होते’ यात ‘थोडे’ आणि ‘खूप’ गोष्टीतलेच आहेत, आणि कशाचे थोडे, कशाचे खूप, हे डोळ्यांसमोर घडलेले आहे. नवे आहे ते ‘केले की होते’ एवढेच.

तात्पर्य साच्याशी जुळते का, हेही पाहावे. पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये खडे टाकण्याची आहेत, म्हणजे ही गोष्ट चिकाटीची झाली. खाली ‘युक्ती शक्तीपेक्षा श्रेष्ठ’ असे लिहिले तर वर गोष्टीत युक्तीला जागाच नाही, ‘इकडे बघतो, तिकडे बघतो’ एवढ्यात ती उरकली आहे. ज्याला युक्तीचेच तात्पर्य हवे, त्याने खड्यांच्या तीन फेऱ्यांतली एक काढून तिथे कावळ्याला विचार करू द्यावा: कावळा माठ ढकलतो, माठ हलत नाही, कावळा आणखी वाकतो, चोच जात नाही, मग खडा. ती वेगळी गोष्ट होईल, चांगलीही होईल. दोन्ही तात्पर्ये एका गोष्टीत कोंबली की वाचणाऱ्याला कोणतेच आठवत नाही.

गोष्ट समजली की नुसती पाठ झाली, हे ओळखायला गोष्टीतलेच प्रश्न पुरत नाहीत. ‘नदीत काय नाही?’ याला ‘पाणी’ हे उत्तर पोपटही देईल. गोष्टीत नसलेली वस्तू पुढे करावी. रिकामी बाटली दाखवली आणि ‘बाटलीत पाणी नाही’ असे आले, तर साचा बसला. रिकामा डबा दाखवला आणि ‘डबात पाणी नाही’ आले, तर साचा बसला आहे पण ‘डब्यात’ अजून यायचे आहे, तिथे ‘कावळा, कावळ्याला, डबा, डब्यात’ असे जोडीने म्हणून घ्यावे. आणि बाटलीकडे बोट दाखवूनही ‘नदीत पाणी नाही’च ऐकू आले, तर गोष्ट गाण्यासारखी पाठ झालेली आहे. मग पहिल्या चार ओळींकडे परत जायचे, या वेळी चित्रांवर हात ठेवून.

हे जमले की आठवडाभराने तीच गोष्ट भूतकाळात सांगावी. शब्द सगळे ओळखीचे, त्यामुळे लक्ष फक्त ‘ने’कडे राहते: कावळ्याने खडा उचलला, कावळ्याने चोच घातली. शेवटच्या ओळीत मात्र ‘कावळा पोटभर पाणी प्यायला’. पिणे या क्रियापदाला, जेवणे, बोलणे, विसरणे यांच्याप्रमाणेच, प्रमाण मराठीत ‘ने’ चालत नाही. बहुतेक शिकणारे इथे ‘कावळ्याने पाणी प्यायले’ म्हणतात. हे रूप मराठी माणसांच्या तोंडीही ऐकू येते. तेव्हा लगेच थांबवून सुधारायची घाई करू नये: ‘ने’चा नियम त्यांना कळल्याची ती खूण असते, आणि अपवादांची यादी पुढच्या गोष्टीलाही पुरते.